संध्याकाळचा ऑनलाइन तास: आधी ब्राइटनेस कमी करायचा की स्क्रीन पिवळी करायची?

सर्व पालकांना नमस्कार.

आपला जादा तास संध्याकाळी सात ते साडेआठ असतो. दिवसभर यंत्रमागावर, दुकानात, विड्या वळण्यात गेलेले आईवडील तेव्हा घरी येतात आणि मोबाइल मुलांच्या हाती पडतो, म्हणून ही वेळ ठेवली. पण याच वेळेमुळे एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो: "बाई, मोबाइलमध्ये ते पिवळं करून ठेवलंय. आता पोराच्या डोळ्याला काही होत नाही ना?" काही घरांत याच्या उलट आहे. पिवळं केलं की फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मूल ते बंद करतं, आई चालू करते, आणि तासाची पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.

माझं मत आधीच सांगते. स्क्रीन पिवळी करणं वाईट नाही, पण ते दुसऱ्या नंबरचं काम आहे. पहिलं काम ब्राइटनेस खाली आणणं आणि मोबाइल लांब ठेवणं. दोन्हींपैकी एकच करायला वेळ असेल, तर ब्राइटनेसला हात लावा आणि पिवळ्याचं सोडून द्या. असं का म्हणते ते खाली सविस्तर लिहिलंय, म्हणजे तुमच्या घरातल्या फोनचं, ट्यूबचं आणि मुलाचं बघून तुम्हालाच ठरवता येईल.

दोन बटणं, दोन वेगळी कामं

ब्राइटनेस म्हणजे स्क्रीनमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. पिवळ्या मोडमध्ये त्या उजेडातला निळा भाग कमी केला जातो, म्हणून पांढरं पान तांबूस-पिवळं दिसतं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय: साध्या अँड्रॉइडवर Night Light, सॅमसंगवर Eye comfort shield, रेडमी आणि पोकोवर Reading mode, ओप्पो-रिअलमीवर Eye comfort, विवोवर Eye protection, आयफोनवर Night Shift. नावं सहा, काम एकच.

निळ्याच्या मागे का लागतात? आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम बघणं हे नसून मेंदूला "अजून दिवस आहे" असं कळवणं हे असतं. त्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. संध्याकाळी त्यांना भरपूर उजेड मिळाला, की झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होतं. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं आणि बाहुली मोठी असते, त्यामुळे तेवढ्याच उजेडाचा त्यांच्यावर जास्त परिणाम होतो. म्हणजे हा मुद्दा झोपेचा आहे. स्क्रीनच्या निळ्या उजेडाने डोळ्याचा पडदा खराब होतो, ही भीती मात्र मनातून काढून टाका. मोबाइलमधून येणारा निळा उजेड दिवसाच्या आकाशापेक्षा कितीतरी कमी असतो.

आता गंमत अशी, की त्या पेशींना निळा कमी पोचवण्याचे दोन मार्ग आहेत. उजेडातून निळा गाळा, नाहीतर एकूण उजेडच कमी करा. दुसऱ्या मार्गाने निळाही आपोआप कमी होतो. यातला कोणता मार्ग किती कामाचा, हे थोडं आकड्यांतच बघावं लागेल.

पुरा पिवळा की कमी ब्राइटनेस

उजेड मोजायचं माप लक्स. खालचे आकडे मी स्क्रीनचा आकार, तिची चमक आणि अंतर धरून हिशेबाने काढलेत. स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान आहे असं धरलंय. तुमच्या फोनवर थोडं कमीजास्त होईल, पण एकमेकांच्या तुलनेत फारसा फरक पडणार नाही.

| काय आणि कुठे | डोळ्यावर येणारा उजेड |
|---|---|
| साडेसहा इंची फोन, २५ सेंमीवर, ब्राइटनेस फुल्ल | सुमारे ६५ लक्स |
| तोच फोन, ४० सेंमीवर, ब्राइटनेस फुल्ल | सुमारे २५ लक्स |
| तोच फोन, ४० सेंमीवर, चमक एक पंचमांश | सुमारे ५ लक्स |
| १५ इंची लॅपटॉप, ५५ सेंमीवर, ब्राइटनेस फुल्ल | सुमारे ५५ लक्स |
| ३२ इंची टीव्ही, आठ फुटांवर | सुमारे ११ लक्स |

पहिल्या ओळीतलं मूल म्हणजे गादीवर पालथं पडून फोन नाकाशी धरणारं. आता त्याच्या फोनवर पिवळा मोड पूर्ण टोकाला नेला, तर झोपेच्या पेशींना पोचणारा परिणाम साधारण निम्म्यावर येतो. स्लायडर मधोमध ठेवला तर त्याहून बराच कमी फायदा होतो. ६५ चे निम्मे धरले तरी बत्तीस-तेहतीस राहतात. तोच फोन पिवळा न करता ४० सेंमीवर ठेवला आणि ब्राइटनेस उतरवला, तर आपण ५ वर येतो. म्हणजे एका मार्गाने निम्मं, दुसऱ्याने तेरावा भाग.

प्रत्यक्ष प्रयोगातही असंच दिसलंय. अमेरिकेतल्या रेन्सेलर संस्थेच्या प्रकाश संशोधन केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आयपॅडचा Night Shift तपासला होता. ब्राइटनेस तसाच ठेवून फक्त रंग बदलला, तर मेलाटोनिन दबणं थांबलं नाही, आणि कमी पिवळ्यात व जास्त पिवळ्यात म्हणावा असा फरकही पडला नाही. नुसता रंग बदलून भागणार नाही, चमक कमी करायला हवी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अंतराचा परिणाम इतका मोठा का, हे कंदिलावरून कळेल. कंदील दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो. २५ सेंमीवरचा फोन ४० वर नेला, की उजेड अडीच पटीने उतरतो, आणि तेही सेटिंगला हात न लावता.

टीव्हीची ओळ बघून काही जणांना आश्चर्य वाटेल. टीव्ही मोठा म्हणून वाईट, असा आपला समज असतो, पण आठ फुटांवर बसलं तर तो फुल्ल ब्राइटनेसच्या मोबाइलपेक्षा बरा. घरात स्मार्ट टीव्ही असेल आणि त्या वेळी मालिका बघणाऱ्या आजींची परवानगी मिळत असेल, तर तास टीव्हीवर लावा. फक्त त्याचा पिक्चर मोड Vivid वर असेल तर Movie किंवा Cinema करा. त्यात चमकही उतरते आणि रंगही थोडा उबदार होतो, म्हणजे एका बटणात दोन्ही कामं.

ब्राइटनेस किती ठेवायचा

टक्के मी सांगणार नाही, कारण एका फोनचा अर्धा स्लायडर म्हणजे दुसऱ्या फोनचा अर्धा नसतो. शिवाय बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पट्टी अर्ध्यावर आणली म्हणजे उजेड निम्मा झाला असं होत नाही, तो त्याहून खूप खाली जातो. उलट पट्टीच्या शेवटच्या पाव भागात चमक झपाट्याने वाढते. म्हणून "मी थोडंच कमी केलं" म्हणतानासुद्धा तुम्ही बरंच काम केलेलं असतं.

वहीची परीक्षा घ्या. ज्या जागी मूल बसतं तिथेच, नेहमीची ट्यूब चालू ठेवून, वहीचं कोरं पान स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीनवर पांढरं पान उघडा. स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली वाटली तर जास्त आहे. ती वहीपेक्षा करडी, मळकट दिसली तर कमी आहे. वहीपेक्षा किंचित उजळ दिसते, तिथे थांबा. ही परीक्षा सात वाजता घ्या, दुपारी नाही. दुपारी खिडकीतून येणाऱ्या आपल्या सोलापुरी उन्हात बसवलेला ब्राइटनेस रात्रीच्या मानाने कितीतरी जास्त असतो. बहुतेक घरांत बिघाड इथेच होतो: दुपारी कुणीतरी वाढवलेला असतो आणि रात्री तो तसाच राहतो.

फार कमी करण्याचाही तोटा आहे. अक्षरं नीट दिसेनाशी झाली की मूल पुढे वाकतं. ४० वरून पुन्हा २५ सेंमीवर आलं की अडीचपट उजेड परत आला आणि वर मानेला त्रास. म्हणून ब्राइटनेस उतरवल्यावर दहा मिनिटांनी मुलाकडे बाजूने एकदा बघा. नाक स्क्रीनकडे सरकलं असेल तर एक-दोन बोटं वाढवा. अंतर मोजायला दप्तरातली ३० सेंमीची पट्टी आणि वर तुमची चार बोटं, एवढं पुरे. फोन हातात न देता कशाला तरी टेकवून ठेवला तरच ते टिकतं. हातातला फोन दर पाच मिनिटांनी जवळ येतोच.

ऑटो ब्राइटनेस: कुणी लावावा, कुणी नाही

फोनच्या वरच्या कडेला एक सेन्सर असतो. खोलीतला उजेड बघून तो चमक ठरवतो. ज्या भागात संध्याकाळी लाइट जाते-येते, तिथे माझं मत ऑटोच्या बाजूने. ट्यूबच्या उजेडात बसवलेला ब्राइटनेस अंधार झाला की एकदम डोळ्यांत घुसतो. ऑटो असेल तर फोन स्वतः उतरतो आणि लाइट आली की चढतो. बऱ्याच फोनवर ऑटो चालू ठेवून तुम्ही हाताने थोडं कमी-जास्त केलं, तर ते लक्षात ठेवून फोन पुढच्या वेळी तसंच करतो. दोन-चार दिवस हाताने दुरुस्त करत राहिलात तर तो तुमच्या खोलीला सरावतो.

पण सेन्सर झाकला गेला तर ऑटो उपयोगाचा नाही. काचेचा गार्ड जाड काळ्या कडेचा असला, कव्हर वरपर्यंत आलं, किंवा स्टँडची पकड नेमकी तिथे बसली, तर फोनला वाटतं अंधार आहे आणि तो स्क्रीन फार उतरवतो. ओळखायची खूण सोपी: उजेडात फोनची वरची कड अंगठ्याने झाका आणि ब्राइटनेसची पट्टी बघा. झाकल्यावर ती खाली आली आणि उघडल्यावर वर गेली तर सेन्सर ठीक. हललीच नाही तर ऑटो बंद करून हाताने ठेवा. काही फोनमध्ये हा सेन्सर स्क्रीनखाली असतो, तेव्हा थोडी खाली-वर जागा बदलून बघावी.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक तक्रार येते: "बाई, तास चालू असताना स्क्रीन आपोआप काळवंडते, फोन बिघडला." बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो, तापलेला असतो. बेचाळीस अंशांचा दिवस, पत्र्याची खोली, व्हिडिओ कॉल चालू, वर चार्जर लावलेला आणि फोन टेकवलेला सोलापुरी चादरीच्या घडीला. फोन ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःला वाचवायला ब्राइटनेस कापतो, आणि तेव्हा पट्टी सरकवूनही चमक वाढत नाही. तासाआधी चार्जिंग पुरं करा, कव्हर काढा, चादरीऐवजी स्टीलच्या डब्याला टेकवा आणि पंख्याची हवा लागू द्या. बॅटरी सेव्हर चालू असला तरीही स्क्रीन मंद होते, पण ते तासाच्या सुरुवातीपासूनच दिसतं. तापलेला फोन मध्येच मंद होतो.

पिवळा मोड: कोणत्या तासाला हो, कोणत्या तासाला नको

आता पिवळ्या मोडचं. झोपेसाठी त्याचा थोडा उपयोग होतो, आणि काही मुलांना पांढऱ्यापेक्षा उबदार रंग बघायला बरा वाटतो. बरं वाटणं हेही कारण पुरेसं आहे. पण शिकवणाऱ्याच्या बाजूने त्याची किंमत मोजावी लागते.

विज्ञानाच्या तासाला लिटमस दाखवते तेव्हा निळा लिटमस पूर्ण पिवळ्या स्क्रीनवर करडा दिसतो, आणि आम्लाने तांबडा झाला की आम्लारीने निळा झाला, हेच मुलांना कळत नाही. भूगोलाच्या नकाशात समुद्राच्या खोलीच्या फिकट-गडद निळ्या छटा एक होऊन जातात. गणितात मी पिवळ्या हायलायटरने पायरी दाखवली, तर पिवळ्या पानावर ती गायबच. दोन रेषांचा आलेख निळ्या आणि हिरव्या रंगात असेल तर कोणती कुठली हे विचारावं लागतं. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि तोंडी गणिताला मात्र काही अडत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. भाषेच्या तासाला पिवळा मोड पाव ते अर्धा ठेवा. विज्ञान, भूगोल, चित्रकला असेल त्या दिवशी तो बंद, आणि त्या दिवशी ब्राइटनेसवर जास्त लक्ष. साडेआठला तास संपला, पण मूल गृहपाठाचे फोटो पाठवायला पुन्हा फोन घेणार असेल, तर तेव्हा पिवळा पूर्ण करा. तेव्हा रंग ओळखायचे नसतात आणि झोपेची वेळही जवळ आलेली असते. फोनवर वेळ लावून ठेवता येते. सेटिंगमध्ये Schedule असतं, त्यात साडेआठ ते सकाळी सहा अशी आपली वेळ घाला. Sunset to sunrise हा तयार पर्याय आपल्याला सोयीचा नाही. सोलापुरात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या आत मावळतो आणि जूनमध्ये सातच्या सुमारास, त्यामुळे हिवाळ्यात तास सुरू होण्याआधीच स्क्रीन पिवळी झालेली असते आणि ती कोणी केली यावरून भावंडांची भांडणं.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर Settings मध्ये System, तिथे Display, तिथे Night light. टेबलावरचा वेगळा मॉनिटर असेल तर पिवळा विंडोजमधून करता येतो, पण ब्राइटनेस बहुधा मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या बटणांनीच उतरवावा लागतो. काही पालकांनी सेटिंगमध्ये पट्टीच सापडत नाही म्हणून नुसता पिवळा करून सोडून दिलंय. मॉनिटरची चमक तशीच फुल्ल, म्हणजे जास्त कामाचं बटण हाताळलंच नाही.

प्ले स्टोअरवरची "निळा उजेड गाळणारी" वेगळी अ‍ॅप घेऊ नका. ती स्क्रीनवर रंगीत थर पसरतात. अक्षरांचा उठाव कमी होतो, आणि दुसऱ्या अ‍ॅपच्या वर दिसायची परवानगी मागतात, जी मुलांच्या फोनवर विनाकारण द्यायला नको. फोनमध्ये मुळातच असलेला मोड पुरतो. निळा उजेड अडवणाऱ्या, निळसर चमकणाऱ्या चष्म्यांबद्दलही विचारलं जातं. डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो असं, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात आढळलं नाही. आठशे-हजार रुपये त्यावर घालवण्यापेक्षा फोनचं चांगलं स्टँड घ्या.

खोलीतली ट्यूब

स्क्रीनवर एवढी चर्चा झाली, आता डोक्यावर बघा. आपल्या बहुतेक घरांत पांढरी, निळसर झाक असलेली एलईडी ट्यूब असते. तिच्या खोक्यावर ६५०० के असं छापलेलं असतं. वीस वॉटची ट्यूब साधारण दोन हजार ल्युमेन देते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत टेबलावर ढोबळमानाने १०० लक्स पडतात. समोर बघणाऱ्या डोळ्यावर त्याच्या निम्मे धरले, तरी ते नीट लावलेल्या फोनच्या ५ लक्सपेक्षा कितीतरी जास्त.

म्हणून तासात ट्यूब बंद करायची का? मुळीच नाही. अंधारात एकटी उजळ स्क्रीन बघताना डोळ्यांना सतत उजेड-अंधाराशी जुळवून घ्यावं लागतं, आणि वहीत लिहायचं कसं? तासभर ट्यूब राहू द्या. पण तास संपला, जेवणं झाली, की ट्यूब बंद करून २७०० किंवा ३००० के लिहिलेला पिवळा बल्ब लावा. सात-नऊ वॉटचा पुरतो. झोपेच्या हिशेबात हा बल्ब फोनच्या पिवळ्या मोडपेक्षा जास्त फायदा देतो. तुम्हाला एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील, तर माझ्या मते ती हीच.

एक घर घेऊन बघू

पूर्व भागातलं नेहमीचं एक घर धरू. एक खोली, दहा बाय बारा. ट्यूब एका लांब भिंतीवर. मुलगी सातवीत, त्याच भिंतीला पाठ टेकून बसते, मांडीवर फोन. आई समोर विड्या वळत बसलेली. तक्रार अशी: तास संपताना डोळे चुरचुरतात, कपाळ दुखतं, आणि अकरा वाजले तरी झोप येत नाही. पिवळा मोड महिनाभर चालू आहे.

या घरात मी सेटिंग शेवटी बघेन. आधी ट्यूब कुठे आहे ते. ती मुलीच्या पाठीमागे वर आहे, म्हणजे तिचं प्रतिबिंब थेट फोनच्या काचेत पडतं. त्या पांढऱ्या पट्ट्यावर मात करायला मुलगी ब्राइटनेस फुल्ल करते. फुल्ल ब्राइटनेस हा मूळ दोष नाहीच, तो दोषावरचा तिने शोधलेला उपाय आहे. अशा वेळी तुम्ही नुसता ब्राइटनेस उतरवलात तर ती दोन मिनिटांत परत वाढवणार, आणि तिचं बरोबरच आहे.

तिला नव्वद अंशांत फिरवा. ट्यूब डाव्या हाताला आली पाहिजे (डावखुरी असेल तर उजव्या). फोन बंद करून काळ्या स्क्रीनकडे बघायला सांगा. ट्यूब दिसत नसेल तर जागा बरोबर. मग फोन मांडीवरून उचलून पाटावर डब्याला टेकवा, पट्टी अधिक चार बोटांवर. आता वहीची परीक्षा घेऊन ब्राइटनेस उतरवा. प्रतिबिंब गेल्यामुळे तो सहज खाली येतो. आपल्या तक्त्याच्या भाषेत ती ६५ लक्सवरून पाचाच्या आसपास आली, आणि पिवळ्या मोडला आपण अजून हातही लावलेला नाही. तो भाषेच्या तासाला अर्ध्यावर, विज्ञानाला बंद, साडेआठनंतर पूर्ण.

राहिली चुरचुर. ती ना चमकेने होते ना निळ्याने. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास पापण्या मिटतात, स्क्रीनकडे टक लावल्यावर ते पाच-सातवर येतं आणि डोळे कोरडे पडतात. वर पंख्याचा झोत तोंडावर असेल तर आणखी. पंखा फोनकडे वळवा, चेहऱ्याकडे नको. मी दर वीस मिनिटांनी शिकवणं थांबवून मुलांना खोलीबाहेर लांब बघायला सांगते. तेवढा वेळ कॅमेऱ्यातून मूल गायब दिसलं तर रागावू नका, ते माझ्याच सांगण्यावरून.

कपाळदुखीत आणखी एक शक्यता असते. फोन अ‍ॅमोलेड स्क्रीनचा असेल तर असे बरेच फोन कमी ब्राइटनेसवर स्क्रीन भराभर लुकलुकवून चमक कमी करतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काही जणांचं डोकं त्याने दुखतं. दुसऱ्या फोनचा कॅमेरा त्या स्क्रीनवर धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले आणि ब्राइटनेस वाढवल्यावर ते फिके झाले, तर हा तो प्रकार. अशा फोनवर, आणि मुलाला त्रास होत असेल तरच, ब्राइटनेस मधल्या पातळीवर ठेवून अंतर वाढवा आणि पिवळा मोड लावा. ब्राइटनेसपेक्षा पिवळ्याला आधी पसंती देईन अशी ही एकच परिस्थिती. स्वस्तातल्या एलसीडी फोनवर हा त्रास क्वचितच होतो. अशा वेळी महागाच्या फोनपेक्षा तोच बरा.

कोणी काय निवडावं

हातात एकच साधा फोन असेल, तर स्टँड आणि वहीची परीक्षा. लाइट वारंवार जात असेल तर त्यासोबत ऑटो ब्राइटनेस. लॅपटॉप असेल तर चमक उतरवणं फोनपेक्षाही महत्त्वाचं, कारण स्क्रीन मोठी असते आणि अंतर फारसं वाढत नाही. तिथे पिवळा मोड पाव-अर्धा कायम ठेवायलाही हरकत नाही. स्मार्ट टीव्ही असेल तर तो पहिला. नऊच्या आत झोपणाऱ्या लहान भावंडाला त्याच खोलीत झोपवायचं असेल तर पिवळ्या बल्बची सोय आधी करा, बाकीचं नंतर.

आणि चष्म्याचा नंबर? पिवळा मोड तो लागू देणार नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नंबराचा संबंध जवळचं काम किती वेळ चालतं आणि दिवसाउजेडी मूल बाहेर किती असतं, याच्याशी आहे. म्हणून पाच ते सव्वासहा मुलांना मैदानात सोडा, तासाला थोडं घामेजलेलं आलं तरी चालेल.

सेटिंग नीट करूनही पंधरा दिवसांत फरक नसेल, मूल एक डोळा मिटून बघत असेल, मान तिरकी करत असेल, किंवा दिवसा शाळेतल्या फळ्यावरचंही शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, तर दोष स्क्रीनचा नाही, डोळे तपासायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा मुलाचं नाव मला आधी कळवा. त्रास जास्त असेल तर पथकाची वाट न बघता नेत्रतज्ज्ञाकडे न्या, आणि तोवर त्या मुलाला तासाला फक्त आवाज ऐकून बसायची माझी परवानगी आहे. फळ्यावरचं मी वहीत लिहून दुसऱ्या दिवशी देईन.